बाटल्यांच्या लेबलांवरची उडालेली शाई यूव्ही टॉर्चने कशी वाचायची

प्रश्न: नौपाड्यातलं जुनं घर रिकामं करताना आजोबांच्या (ते वैद्य होते) औषधांच्या बाटल्या आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या निघाल्या. लेबलांवरची शाई जवळपास उडाली आहे. ३९५ चा यूव्ही टॉर्च मागवला आणि मोबाइलने फोटो काढले (सोबत पाठवले आहेत), तर सगळं जांभळंच येतं. मधेच कुठे हिरवट, कुठे केशरी चमकतं, एक लेबल तर पांढरंनिळं झगझगतं. शाई वाचता येईल का? आणि या रंगांचा अर्थ काय?

उत्तर:

बरीचशी वाचता येईल, पण ती चमकून वर येईल अशी वाट पाहू नका. या कामात बहुतेकांची पहिली गफलत इथेच होते. जादूच्या पेनाची शाई यूव्हीखाली चमकते, म्हणून जुनी शाईही चमकेल असं वाटतं. प्रत्यक्षात जुनी शाई काळी दिसते आणि चमकतो तो तिच्याखालचा कागद. वाचायची असतात ती त्या चमकीतली काळी पडलेली अक्षरं. रंग तुम्हाला सांगतात ते मुख्यतः कागद, डिंक, डाग आणि काच यांच्याबद्दल.

कारण सोपं आहे. वैद्यांच्या घरात त्या काळी जी निळी-काळी शाई वापरली जायची, ती मूळची हिराकस आणि मायफळाची. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, मायफळात टॅनिन. दोन्ही एकत्र आले की काळा रंग धरतो. उजेड, दमट हवा आणि वर्षं यांनी हा काळा रंग फिका होत तपकिरी, मग पिवळट होतो आणि शेवटी जुन्या कागदाच्या रंगात मिसळून जातो. पण लोह कागदातच राहतं. ते यूव्ही शोषून घेतं आणि त्या जागी कागदाला चमकू देत नाही. डोळ्यांना कोऱ्या वाटणाऱ्या जागेवर अक्षरं काळी उमटतात ती अशी. साधी धुता येणारी निळी शाई निव्वळ रंगाची असते, तिच्यात लोह नसतं. ती उन्हाने किंवा पाण्याने गेली की मागे फारसं काही उरत नाही. त्यामुळे आजोबांच्या कोणत्या चिठ्ठ्या वाचता येतील हे त्यांनी त्या दिवशी कोणती दौत उघडली होती यावर ठरतं.

सगळं जांभळं का येतं

३९५ नॅनोमीटरचा टॉर्च यूव्हीबरोबर भरपूर दिसणारा जांभळा उजेड फेकतो. कागदाची चमक मुळातच मंद असते आणि हा जांभळा उजेड कागदावरून परतून थेट लेन्समध्ये शिरतो. चमक त्याच्याखाली बुडते. त्यासाठी ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घ्या आणि त्याच्या तोंडावर काळी फिल्टर-काच असल्याची खात्री करून घ्या. विकणारे तिला झेडडब्ल्यूबी२ म्हणतात. ही काच यूव्ही सोडते आणि एलईडीतून निसटणारा पांढुरका-जांभळा उजेड अडवते. काच नसलेला ३६५ चा टॉर्चही ३९५ पेक्षा बरा, पण काचेने पडणारा फरक पहिल्याच फोटोत कळतो.

टॉर्च खरंच स्वच्छ आहे का हे तपासायला प्लंबर वापरतात ती पांढरी टेफ्लॉनची टेप घ्या. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. टेफ्लॉन स्वतः चमकत नाही, फक्त पडलेला उजेड परत फेकतं. लेबलाशेजारी तिचा सेंटीमीटरभर तुकडा ठेवून फोटो काढा. फोटोत तुकडा जवळजवळ काळा किंवा अगदी गडद आला तर लेन्समध्ये जातेय ती चमकच. तो जांभळा आला तर टॉर्चचा उजेड गळतोय, आणि त्या फोटोतल्या रंगांवर विश्वास ठेवायचा नाही. हा तुकडा प्रत्येक फोटोत राहू द्या.

काही जण लेन्सवर पिवळी जिलेटीन लावतात. गडद पिवळी लावू नका. ती जांभळ्याबरोबर निळी चमकही खाऊन टाकते. अगदी फिकट पिवळा, साधारण ४१५ नॅनोमीटरच्या खालचं अडवणारा फिल्टर चालतो. पण टॉर्चवर काळी काच असेल तर मोबाइलला बहुतेक वेळा त्याचीही गरज पडत नाही.

फोटो काढताना

रात्री काढा, तरीही खोली पुरेशी काळोखी आहे असं गृहीत धरू नका. ठाण्यात रस्त्यावरच्या दिव्यांचा आणि समोरच्या टॉवरचा उजेड पडद्याच्या फटींतूनही येतो आणि चार सेकंदांच्या फोटोत तो पुरेपूर जमा होतो. म्हणून पहिला फोटो टॉर्च बंद ठेवून, नंतर वापरायच्याच सेटिंगवर काढा. तो काळाकुट्ट यायला हवा. लेबलाची कडा जरी ओळखू आली तरी खिडकीला चादर लावा, राउटरच्या आणि चार्जरच्या दिव्यांवर चिकटपट्टी लावा.

मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा. कॅमेऱ्यात प्रो मोड उघडा आणि नाइट मोड बंद करा. नाइट मोड अनेक फोटो एकत्र करून दाणे गुळगुळीत करतो, आणि बोरूच्या किंवा टाकाच्या बारीक रेषा त्यातच पुसल्या जातात. आयएसओ १०० वर ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटो ठेवू नका. ५५०० ते ६५०० केल्विनच्या दरम्यान एक आकडा ठरवा आणि सगळ्या फोटोंना तोच लावा. ऑटोवर कॅमेऱ्याला चौकटभर निळं दिसतं, तो ते दुरुस्त करायला जातो आणि निळी चमक राखाडी, केशरी चमक लालभडक करून दाखवतो. मग लोक त्या खोट्या रंगांचे अर्थ लावत बसतात. सोय असेल तर डीएनजीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत, साठवा.

फोकस साध्या दिव्यात करून लॉक करा, मग दिवा बंद करा. लेबल जवळून हवं म्हणून मोबाइल आठ-दहा सेंटीमीटरवर नेलात तर बरेच फोन आपोआप वाइड लेन्सवर उडी मारतात. ती लेन्स कमी उजेड घेते आणि कडा वाकवते. पंचवीस-तीस सेंटीमीटरवर राहून मुख्य लेन्स दुप्पट झूमवर वापरा.

टॉर्च लेबलापासून साधारण तीस सेंटीमीटरवर, बाजूने पंचेचाळीस अंशात धरा. समोरून धरलात तर काचेवर आणि वार्निशवर मध्येच एक पांढरा ठिपका येतो आणि नेमकं तिथलं अक्षर जातं. अर्धा, एक, दोन आणि चार सेकंद असे चार फोटो काढा. दोन आणि चार सेकंदांत टॉर्च एकाच जागी न धरता ब्रश फिरवावा तसा लेबलावरून सावकाश फिरवा, म्हणजे उजेड सारखा पडतो. चारांपैकी कागदाची चमक नीट दिसते पण पांढरी फटक होत नाही तो फोटो ठेवा. चमक फटक झाली की तिच्यातल्या बारीक काळ्या रेषा आधी जातात.

बाटली गोल असल्याने लेबल एका फोटोत नीट येत नाही. बाटली आडवी ठेवून दोन्ही बाजूंना काळ्या कापडाची गुंडाळी लावा आणि दर वेळी पंधरा-वीस अंश फिरवून चार-पाच फोटो घ्या. वाचताना प्रत्येक फोटोचा मधला पट्टाच धरा. चिठ्ठीखाली काळा कार्डशीट ठेवा, पण आधी तो यूव्हीत बघून घ्या. काही काळ्या कागदांत निळे ठिपके चमकतात. आणि प्रत्येक यूव्ही फोटोसोबत, मोबाइल तसूभरही न हलवता, साध्या दिव्यातला एक फोटो घ्याच. हा जोडफोटो नसेल तर पुढचं अर्धं काम होत नाही.

डोळ्यांबद्दल: ३६५ चा उजेड जवळजवळ दिसत नाही, म्हणून तो कमी जोराचा वाटतो. तसा नसतो. पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा-चष्मा लावा, पूर्ण बाहीचा शर्ट घाला, टॉर्च आरशाकडे किंवा चकचकीत डब्याकडे वळवू नका. कागदालाही यूव्ही मानवत नाही, तेव्हा प्रत्येक लेबलावर एकूण मिनिटभरापेक्षा जास्त वेळ मारू नका. आणि या बाटल्या उघडू नका. जुन्या रसौषधींत पारा असतो. बाहेर सांडलेली भुकटीही हातमोजे घालूनच हाताळा.

एक लेबल धरून पाहू

तुम्ही पाठवलेल्यांपैकी तपकिरी डाग असलेलं, छापील चौकटीचं लेबल घेऊ. त्यात वर छापील नाव आहे, मध्ये कोरी दिसणारी जागा, डाव्या कोपऱ्यात हिरवट-पिवळी चमक, कडेला केशरी पट्टा आणि लेबलाबाहेर काचेवरही हिरवट झाक.

आधी कागद. तो फिकट पिवळसर, साईसारखा मंद चमकतोय. हा उजळक न घातलेला जुना कागद. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून कारखान्यात घालतात ती उजळक द्रव्यं यूव्हीत झगझगीत पांढरंनिळं चमकतात, आणि ती कागदात सर्रास येऊ लागली १९५० च्या सुमारास. म्हणजे तुमचं जे एक लेबल पांढरंनिळं झगझगतंय, ते त्यानंतरचं. नवीन ए-फोर कागदाचा तुकडा शेजारी ठेवून बघा, तशीच चमक दिसेल. उलट दिशेने मात्र हा निष्कर्ष काढू नका: मंद चमकणारा कागद १९५० च्या आधीचाच असेल असं नाही, कारण उजळक नसलेला कागद आजही बनतो. आपल्या नोटांचाच कागद पाहा. तो कापसाच्या लगद्याचा आणि उजळक नसलेला असतो, म्हणून खरी नोट यूव्हीत निस्तेज दिसते आणि तिच्यावरचे नंबर, धागा आणि विखुरलेले तंतू तेवढे उठून येतात. साध्या कागदावर छापलेली बनावट नोट अख्खीच निळी पेटते. तुम्ही चिठ्ठ्यांची कालक्रमाने थप्पी लावत असाल तर या एका फरकाने दोन ढीग पाच मिनिटांत वेगळे होतील.

इथे एक फसगत सांभाळा. जुन्या कागदावर बारीक, झगझगीत निळे तंतू दिसतात ते बहुधा कागदाचे नसतात. कपडे धुण्याच्या पावडरीतही उजळक असतो, आणि रुमालाने बाटली पुसली की त्याचे धागे लेबलावर चिकटतात. हवेच्या फुग्याने फुंकर मारा, पुन्हा फोटो घ्या. जे हललं ते रुमालाचं.

डाव्या कोपऱ्यातली हिरवट-पिवळी चमक. वैद्यांच्या घरात पहिला संशय हळदीवर घ्यायचा. हळदीतलं कर्क्युमिन यूव्हीत हिरवट-पिवळं छान चमकतं. साध्या दिव्यातल्या जोडफोटोत तीच जागा पिवळी असेल आणि डागाची कडा बोटाच्या ठशासारखी असेल तर हळदीच्या हाताने बाटली उचलली असावी. घरातल्या हळदीचं बोट उजळक नसलेल्या कागदाला पुसून तो तुकडा चौकटीत शेजारी ठेवा आणि चमक जुळते का बघा. अशी शेजारी ठेवलेली ओळखीची वस्तू कोणत्याही रंगांच्या तक्त्यापेक्षा जास्त भरवशाची, कारण ती त्याच टॉर्चखाली, त्याच कॅमेऱ्यात, त्याच सेटिंगवर दिसते. मूळ लेबलावर मात्र साबण, चुना असलं काहीही लावून हळदीची परीक्षा घेऊ नका.

काचेवरची हिरवट झाक वेगळी. ती लेबलाच्या कडेपाशी थांबत नाही, बाटलीभर पसरते, आणि रिकाम्या काचेवर जास्त स्पष्ट असते. जुन्या काचेचा हिरवा रंग घालवण्यासाठी तिच्यात मँगनीज घालत, आणि अशी काच यूव्हीत फिकट हिरवी दिसते. म्हणजे तुमच्या फोटोत दोन हिरवे आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एक औषधाचा, एक बाटलीचा. लेबल अर्धपारदर्शक झालं असेल तर काचेची चमक त्यातून झिरपून येते आणि लेबलच हिरवं वाटतं. बाटलीत काळ्या कागदाची गुंडाळी घालता येत नाही, पण टॉर्च अगदी तिरका, पंधरा-वीस अंशांवर धरला की काचेत कमी यूव्ही शिरतं आणि ती झाक उतरते.

कडेचा केशरी पट्टा लाखेचा वाटतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लेबलावर फिरवली की तेल-पाण्यापासून ते वाचतं, आणि अशी लाख यूव्हीत केशरी चमकते. पट्टा कडेकडेने, ब्रशच्या फटकाऱ्यासारखा आहे, हे त्याला जुळतं. केशरी आणखी एका कारणाने येऊ शकतो: लाल शाई. काही लाल शाईंतला रंग दाट असतो तिथे मुळीच चमकत नाही आणि पाण्याने पसरून पातळ झालेल्या कडेला केशरी किंवा पिवळट चमकतो. तसं असेल तर चमक अक्षरांभोवती किंवा ओघळाच्या टोकाला असेल, सरळ पट्ट्यात नाही. आकार बघितल्याशिवाय रंगावरून काहीही ठरवू नका. लेबलाच्या मागून डोकावणारी मंद निळसर-पांढरी चमक डिंकाची, खळीची किंवा सरसाची असते. या तिघांतला फरक निव्वळ फोटोवरून सांगता येत नाही.

आता मधली कोरी जागा. साईसारख्या चमकणाऱ्या कागदावर तिथे तीन आडव्या ओळींत करड्या सावल्या दिसतायत. ही उडालेली निळी-काळी शाईच असण्याची शक्यता मोठी आहे. फोटो संगणकावर घेऊन त्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग वेगळे करा. इमेजजे या प्रोग्राममध्ये `Image > Color > Split Channels` दाबलं की होतं. जुन्या साईरंगी कागदाच्या बाबतीत बहुधा हिरवा भाग सर्वांत स्वच्छ निघतो, कारण टॉर्चचा निसटलेला जांभळा उजेड मुख्यतः निळ्यात जाऊन बसतो. उजळक असलेल्या कागदाची चमकच निळी असल्याने तिथे निळा भाग घ्यावा. इमेजमॅजिक वापरत असाल तर एका ओळीत काम होतं:

```
magick uv.tif -channel G -separate +channel -contrast-stretch 1%x1% hirva.png
```

एवढ्याने ओळी गडद होतात. याहून जास्त ताणू नका. कॉन्ट्रास्ट वाढवत गेलं की कागदाचे धागेही अक्षरांसारखे दिसायला लागतात आणि आपल्याला हवा तो शब्द वाचला जातो. वाचन नेहमी दोन फोटोंत पडताळा. टॉर्च डावीकडून मारलेल्या फोटोत जी रेघ आहे, ती उजवीकडून मारलेल्या फोटोतही त्याच जागी असेल तर ती शाई. जागा बदलली तर ती सुरकुतीची सावली. मात्रेतला एक आणि सात यांचा घोळ, किंवा 'मधातून' आणि 'दुधातून' यांतला गोंधळ, बहुतेक वेळा सुरकुतीनेच होतो.

यानंतर साध्या दिव्यातला जोडफोटो उघडा. काळी दिसणारी प्रत्येक गोष्ट शाई नसते. टाचणीच्या गंजाचा डाग यूव्हीत अगदी निळ्या-काळ्या शाईसारखाच काळा दिसतो, कारण त्यातही लोहच. पण तो साध्या दिव्यातही तांबूस दिसतो, शिवाय टाचणीच्या भोकाजवळ असतो. छापील नाव काजळीच्या शाईचं, ते दोन्ही फोटोंत सारखंच काळं राहतं. चौकटीची छापील रेघ त्यामुळे मोजपट्टी म्हणून उपयोगी पडते, तिच्याइतका काळा कोणता शब्द आहे ते बघता येतं. जी अक्षरं साध्या दिव्यात नाहीत आणि यूव्हीत आहेत, तीच उडालेली निळी-काळी शाई.

पावसाळ्यात ओल लागलेल्या लेबलांवर एक लाटेसारखी रेघ दिसते, बाहेरच्या बाजूला निळसर किंवा पिवळट चमकणारी. पाणी जिथपर्यंत चढलं तिथे कागदातली मळकट द्रव्यं साचलेली असतात, त्याची ती कडा. तिच्या आतल्या बाजूची शाई धुवून त्या कडेत जमा झालेली असू शकते. म्हणून ओळ मध्येच तुटून तिथे पुन्हा सुरू होत असेल तर गहाळ शब्द कडेच्या रेघेत चिरडलेला असतो आणि तो वाचायचा हट्ट धरू नये. बुरशीही कधी कधी चमकते, पण तिचे ठिपके गोल आणि पृष्ठभागावर उठलेले असतात. अशी लेबलं इतरांपासून आधी वेगळी ठेवा.

चिठ्ठ्यांपैकी ज्या यूव्हीतही कोऱ्याच राहतील, त्या बहुधा धुता येणाऱ्या निळ्या शाईच्या. त्यांना टॉर्च जास्त वेळ मारून उपयोग नाही. मोबाइल तिथेच ठेवा, यूव्ही बंद करा आणि साधा पांढरा टॉर्च टेबलाला जवळजवळ समांतर, पाच-दहा अंशांवर धरून एक फोटो डावीकडून, एक वरून घ्या. टाक दाबून लिहिलेलं असेल तर निबच्या दोन टोकांनी पाडलेल्या दोन समांतर खाचा कागदात राहिलेल्या असतात, आणि शाई गेली तरी त्या सावलीत वाचता येतात.